सहाव्या सकाळचे ठोके

मंगळवारी दुपारी आई गेली. बुधवारी सकाळी ताईने मनगटावरचं घड्याळ बघितलं: झोपेतली नाडी शहात्तर. एरवी बासष्ट. ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार, जो शरीर निवांत असलं की जास्त असतो, एरवी चाळीसच्या आसपास, तो एकवीसवर आला होता.

ताई हृदयविभागात ईसीजी काढायची. एकवीस वर्षं लोकांच्या छातीला चकत्या चिकटवत, "एका आकड्याला घाबरू नका, आपल्याच महिनाभराच्या आकड्यांशी ताडून बघा," असं सांगत आलेली. त्यामुळे बुधवारी ती घाबरली नाही. दुःखात नाडी वाढते, चढउतार कमी होतो. मग एखादी रात्र बरी, एखादी वाईट, असं करत गाडी रुळावर येते.

गुरुवारी चौऱ्याहत्तर झाली. शुक्रवारपासून मात्र नुसती वाढच. एकोणऐंशी, एक्क्याऐंशी, चौऱ्याऐंशी. ताप नाही, खोकला नाही. एक बरी रात्र मध्ये यायला हवी होती, ती येईना. ताई एका जागी बसेना. स्वयंपाकघरातली तीच फळी तिसऱ्यांदा पुसायला घेतली तेव्हा भावजय म्हणाली, "वन्सं, लाकूड झिजेल. आणि ते घड्याळ काढून ठेवा आधी. आई गेल्यावर नाडी नाचणारच, नाही तर काय झोपा काढणार?"

"नाचली असती तर मी गप्प बसले असते," ताई म्हणाली. "ही जिना चढतेय."

सोमवारपासून कामावर जायचं होतं. सहाव्या सकाळी, सोमवारीच, आकडा सत्त्याऐंशी. कामाला हात लावण्याआधी ती विभागातल्या डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. तिचाच ईसीजी तिच्या हाताखालच्या मुलीने काढला. ठोके नियमित, फक्त वेगाने. रक्तदाब मात्र बराच वर.

"रक्तदाबाची गोळी चालू आहे ना?" बाईंनी विचारलं.

"सहा वर्षं. एक दिवस चुकलेली नाही."

"कधी घेता?"

"सकाळी आईला तिच्या गोळ्या देते, तेव्हाच माझी..."

ताई थांबली. बुधवारपासून गोळ्यांचा डबा उघडलाच नव्हता. आईच नाही, तर उघडायचा कोणासाठी?

"ही गोळी ठोके आवरते," बाई म्हणाल्या. "एकदम सोडली की नाडी उसळते, कधीकधी जिवावर बेतण्याइतकी. दुःख म्हणून अजून आठवडाभर थांबला असतात तर? आत्ताच घ्या, माझ्यासमोर. चार दिवस रोज रक्तदाब दाखवा. छातीत दुखलं तर तडक इथे."

ताई रुसल्यासारखी म्हणाली, "लोकांना मी हेच विचारते, औषध चुकलं का म्हणून."

"लोकांना," बाई म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी नाडी सत्तर, रक्तदाब ठीक. चढउतार मात्र सत्तावीसच.

भावजयीने घड्याळात डोकावून विचारलं, "हा का नाही वर आला?"

"नाडी गोळीची होती. हा आईचा आहे," ताई म्हणाली. "लागेल त्याला वेळ."

आणि ती पहिल्यांदाच खुर्चीत बसून रडली.