खालच्या सीमेचा एक

पुण्याहून बुलढाणा जिल्ह्यातल्या एका नव्या कॉलेजात गणित शिकवायला आलो तेव्हा माझं वय पंचवीस होतं आणि डोक्यात हवा बरीच होती. महाराष्ट्र राज्यही नुकतंच झालेलं, कॉलेजही नवं. पोरं ‘मले’, ‘तुले’ बोलायची आणि माझ्या कपाळावर आठी चढायची. आज त्या आठीची लाज वाटते.

बी.एस्सी.च्या वर्गात वडनेरचा एक विद्यार्थी होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मधली काही वर्षं शेती करून पुन्हा शिकायला आला होता. धाकट्या भावाने दोनच हंगाम शेत सांभाळायचं कबूल केलं होतं आणि हा दुसरा होता. म्हणजे या वर्षी पास झाला तर झाला, नाहीतर कायमचा शेतावर. आमच्याकडे सराव परीक्षेत नापास होणाऱ्याचा फॉर्म विद्यापीठाकडे पाठवत नसत. माझ्या पेपरात तो तीन गुणांनी नापास झाला.

यादी लागली त्या दुपारी तो उत्तरपत्रिका पाहायची आहे म्हणून स्टाफरूममध्ये आला. पाच गुणांचा एक प्रश्न मी पूर्ण कापला होता. ‘इ’चा घात उणे टीवर्ग, या फलाचा इंटिग्रल, खालची सीमा दोन एक्स, वरची एक्सवर्ग, त्याचं एक्सच्या संदर्भात डिफरन्शिएशन करा. हे फल नेहमीच्या रीतीने सोडवून मोकळं करता येत नाही, त्यामुळे मूलभूत प्रमेयच वापरावं लागतं. वर्गात मी एक सोपी युक्ती सांगितली होती: वरची सीमा फलात घाला, तिच्या विकलकाने, म्हणजे डेरिव्हेटिव्हने, गुणा, खालची घालून वजा करा. झालं. त्याने मात्र वजा होणाऱ्या पदालाही दोनने गुणलं होतं. मी त्यावर लाल काट मारून ‘हे दोन कुठून आले?’ असं लिहिलं होतं.

तेच मी त्याला तोंडी विचारलं, आवाज चढवून. तो उभाच राहिला आणि शांतपणे ज्वारीच्या सोंगणीचं सांगू लागला. कापणारे पुढे सरकतात, पेंढ्या बांधणारे मागून येतात, मधल्या पट्ट्यात कापलेली ज्वारी आडवी पडलेली असते. ती किती वाढते हे पुढच्यांच्या चालीवर आणि तिथल्या पिकाच्या दाटीवर ठरतं. किती कमी होते हे तसंच मागच्यांवर.

“खालची सीमा म्हणजे मागचे लोक, सर,” तो म्हणाला. “एक्स एक पाऊल चालला का ते दोन पावलं चालून राह्यले. मंग ज्वारी दुप्पट उचलली जाईन का नाही?”

मी चिडलोच. शेतातल्या गोष्टी गणितात आणू नका, असं काहीसं म्हणालो आणि त्याला गप्प करायला सोपं फल घेतलं: दोन टी. सीमा त्याच. याचा इंटिग्रल सरळ काढता येतो: एक्सचा चौथा घात वजा चार एक्सवर्ग. त्याचं विकलन चार एक्सघन वजा आठ एक्स. मग माझी युक्ती लावली. पहिलं पद बरोबर, चार एक्सघन. दुसरं आलं चार एक्स. आठ हवे होते.

मी पुन्हा केलं. पुन्हा चारच आले. त्याच्या दोनने गुणलं की आठ होत होते.

चूक कशी झाली तेही लगेच कळलं. वर्गात सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणात मी खालची सीमा एक्स ठेवली होती. एक्सचं विकलक एक; एकने गुणून काही बदलत नाही, म्हणून मी ते लिहीतच नसे. लिहीत नसे म्हणता म्हणता ते असतं हेच विसरलो, आणि परीक्षेत खाली दोन एक्स घालून बसलो. माझं युक्तीचं वाक्य पाठ केलेल्या सगळ्या वर्गाला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते. एकट्या बरोबर उत्तराला शून्य.

प्राचार्यांकडे जाऊन मी चूक कबूल केली. ते बरंच बोलले, ऐकून घेतलं. त्याचे पाच गुण वाढले आणि फॉर्म त्याच दिवशी गेला. इतरांचे गुण मी काढले नाहीत. त्यांनी मी शिकवलं तेच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं की माझं चुकलं. जड गेलं.

तास संपल्यावर मी त्याला विचारलं, हे तुम्ही वर्गातच का नाही बोललात?

तो जरा घुटमळला. “इचारलं होतं, सर. तुम्ही म्हणाले, आधी मराठी नीट बोला.”

मला आठवेना, आणि असं काही आपण बोललोच नसू असंही म्हणवेना. मी त्याची वही मागितली. माझी सगळी उदाहरणं तीत सुवाच्य उतरवलेली होती. प्रत्येक उदाहरणात, दुसऱ्या पदाच्या पुढे, शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: गुणिले एक.