बिल शून्य होत नाही

लाँड्रीवाल्या मावशींचा फोन आला तेव्हा वहिनी शिडीवर होती.

"अगं, तुमच्या जाहिरातीत माझ्या छताचा फोटो टाकून खाली काय लिहिलंय? 'वीजबिल शून्य, दोन वर्षांत पैसे वसूल!' माझं बिल निम्म्यावर आलंय, शून्य कधी झालं? गिऱ्हाईकं मला हसतायत!"

वहिनी खाली उतरली. सोलर बसवण्याचा धंदा नवऱ्यामागे तिनेच सांभाळला होता. दीर फक्त जाहिरातीपुरता. उन्हात दहा मिनिटं उभं राहायचं म्हटलं तरी त्याचं डोकं दुखायचं, पण फोटोत तोच पॅनलवर हात ठेवून, गॉगल लावून.

"भाऊजी, हे तुम्ही लिहिलंत?"

"वहिनी, लोकांना हेच ऐकायचं असतं. सगळेच लिहितात."

"सगळेच थापा मारतात म्हणून आपणही मारायच्या? इन्व्हर्टर कुठल्या खोलीत बसवलाय ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

वहिनीने मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला आणि जिन्यातच बसून मजकूर बदलला:

"पाच किलोवॅट. स्वच्छ उन्हाच्या महिन्यात साधारण सहाशे युनिट, ढगाळ महिन्यात साडेतीनशेच्या आसपास. लाँड्रीची मशीनं दिवसा चालतात, म्हणून बिल जवळपास निम्मं झालं. बिलातला स्थिर आकार दरमहा भरावाच लागतो. पैसे सुटायला सहा-सात वर्षं, तेही सावली नसेल, पॅनल पुसले जातील आणि विजेचा दर फारसा बदलला नाही तर. कर्ज काढलंत तर आणखी उशीर. बॅटरी नसल्याने लाइट गेली की हेही बंद."

दिराने वाचून कपाळावर हात मारला. "याला जाहिरात म्हणतात? हे वाचून कोण फिरकणार?"

"तुमचं वाचून फिरकणारे मला नकोत."

आठवडाभर फोन मंदावले. आज किती कमी फोन आले याचे आकडे दीर रोज ऐकवायचा, आणि वहिनीला त्याच्या तोंडावरचा आनंद बघून शिसारी यायची. मग एका दाताच्या डॉक्टरांनी बोलावलं. दवाखाना दिवसभर चालू, हिशेब जुळत होता. पण दुपारनंतर शेजारच्या उंच इमारतीची सावली छतावर पसरायची.

"इथे नका बसवू," वहिनी म्हणाली. "अर्धा दिवस झोपलेलं यंत्र विकत घ्याल."

डॉक्टर जरा हिरमुसले, पण त्यांना पटलं. दीर मात्र गाडीत बसेपर्यंत थांबला नाही. "हाती आलेलं काम घालवलंत! मी निघालो. समोरच्या चौकातला 'शून्य बिल'वाला मला कधीचा बोलावतोय."

"जा ना. गॉगल विसरू नका."

पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्याच सांगण्यावरून त्यांच्या बहिणीच्या छपाईच्या कारखान्याचं काम आलं. सावली नव्हती. तिनेही आधी विचारलं, "दोन वर्षांत पैसे सुटतील ना?" वहिनीने तिच्याकडे असं पाहिलं, की पुढचा प्रश्न विचारायच्या आधी ती स्वतःच ऊन बघायला छतावर चढली.