डाव्या अंगाला कललेला झोपाळा

सईच्या डोहाळजेवणाची तारीख ठरली आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष झोपाळ्याकडे गेलं. फुलांच्या माळा कुठून सोडायच्या, धनुष्यबाण कुठे टेकवायचा, फोटो कोणत्या बाजूने चांगले येतील, यावर सईची आई विनिता फोनवर आपल्या बहिणींशी तासन्‌तास बोलत होती. तिच्या सासूच्या, मोतीबाईंच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. झोपाळा कुरकुरत होता आणि डाव्या बाजूला कलला होता. पाटावर लिंबू ठेवलं तर ते घरंगळत डावीकडे जायचं.

मोतीबाई बेलवलीच्या. म्हणजे लग्नानंतरच्या. माहेर खाडीकाठचं, बाप मिठागरावर मजुरी करणारा. नवरा हरिचंद्र भाताची शेती करायचा. तो गेल्यावर मुलगा धर्मेशने भूपेश नावाच्या दोस्ताला भागीदार घेऊन त्याच जमिनीवर चार मजली इमारत उभी केली आणि तिला नाव दिलं ‘हरिचंद्र निवास’. मोतीबाईंनी कागदांवर अंगठा दिला तो पोरावर भरवसा ठेवून. जुनं घर पाडताना त्यांनी एकच हट्ट धरला, की हरिचंद्राचा सागवानी झोपाळा नव्या घरात लागला पाहिजे. तो तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये लागला. दुपारी जेवून त्या तिथे बसायच्या, पायाने हलका रेटा द्यायच्या. इमारतीतल्या सुना वेळ मिळाला की येऊन शेजारी टेकायच्या. मोतीबाईंच्या म्हातारपणातलं खरं सुख म्हणावं तर एवढंच.

“धर्मेश, झोपाल्याला कोनाला तरी दाखव,” त्या पावसाळ्यापासून सांगत होत्या.

“तेल टाक ना आये कड्यांत. जुनी चेन आहे, आवाज करणारच.”

तेल टाकून झालं होतं. दोन दिवस आवाज गेला, मग परत आला. पण तो कड्यांचा नव्हता. कड्या करकर करतात. हा आवाज वरून यायचा, कोणी दात खावे तसा. शेवटी डोहाळजेवणाला आठवडा राहिला तेव्हा मोतीबाईंनी स्वतःच आनंदाला बोलावलं. आनंदा मूळचा साताऱ्याकडचा, अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर त्याचं ग्रिल आणि गेट बनवायचं दुकान होतं. धर्मेशच्या सगळ्या साइटवरच्या खिडक्यांच्या जाळ्या त्याच्याच हातच्या.

तो आला तेव्हा घरात मोतीबाई एकट्या होत्या. त्याने आधी टेप काढून पाटाचे चारही कोपरे जमिनीपासून मोजले. डावी बाजू दोन बोटं खाली. मग साखळ्या उतरवल्या आणि दारातल्या उजेडात नेऊन एकेक कडी फिरवून पाहिली. कडीत कडी अडकते तिथे झीज होते, तिथे तो नखाने चाचपत होता.

“पितळ थोडं खाल्लंय, पण चेन ठणठणीत आहे मावशी. एस हूकचं तोंडही उघडलेलं नाय.”

“मंग कलतो कशाला?”

“बघू. डावी चेन उजवीकडे टाकतो, उजवी डावीकडे. चेन लांबलेली असेल तर झोका आता उजवीकडे कलेल.”

साखळ्यांची अदलाबदल झाली. पाट पुन्हा मोजला. झोपाळा डावीकडेच कलला होता, तसाच, दोन बोटं.

आनंदाने शिडी लावली आणि डाव्या बाजूला छताला लावलेली पितळी वाटी खाली सरकवली. आत लोखंडी प्लेट होती, चार फास्टनरनी, म्हणजे भोकात फुगून बसणाऱ्या बोल्टांनी, स्लॅबमध्ये घट्ट केलेली. म्हणजे घट्ट असायला हवी होती. प्लेटच्या आणि छताच्या मध्ये दोन बोटं जातील एवढी फट पडली होती. त्याने एका नटाला पाना लावला. नट आवळला जाईना, पाना फिरेल तसा आख्खा फास्टनर भोकात गरगर फिरत राहिला. दुसऱ्याचंही तेच.

मग त्याने हातोडीच्या दांड्याने प्लेटच्या आजूबाजूला ठोकून पाहिलं. चांगल्या स्लॅबचा आवाज टणक येतो. इथे भद्द भद्द येत होता. तो ठोकत पंख्यापर्यंत गेला, तिथेही तसाच. प्लेटपाशी जरा जोर लावला तर ताटाएवढा पोपडा सुटून खाली पडला, आणि आतली सळई उघडी झाली. तांबूस, फुगलेली, पापुद्रे सुटलेली.

मोतीबाई खाली बसून तो पोपडा हातात घेऊन पाहत होत्या. तो बोटांनी चुरता येत होता. चुऱ्यात पांढरे बारीक तुकडे निघाले. शिंपल्यांचे.

त्यांना ते कोणी सांगावं लागलं नाही. मिठागरावर बापाचं फावडं असंच व्हायचं. आधी लोखंड फुगायचं, मग पापुद्रे सुटायचे, मग एक दिवस दांड्यातून गळून पडायचं. आणि त्यांना आठवलं, इमारत चढत होती तेव्हा पहाटे ट्रक यायचे, त्यातली रेती पाण्याने निथळत असायची. ड्रायव्हरांना चहा त्यांनीच करून दिला होता. त्या रेतीला खाडीचा वास यायचा. माहेरचा वास म्हणून त्यांना तेव्हा बरंच वाटलं होतं.

“ही खारी रेती हाय,” त्या म्हणाल्या.

आनंदा शिडीवरून उतरला. “मी काय इंजिनेर नाय मावशी. पण इथे झोका टांगू नका. दुसरीकडे भोक मारूनही नको. फास्टनर पकडणार कशाला? आतलं काँक्रीटच राहिलं नाय. शेठला म्हणावं, कोणीतरी जाणकार बोलवून आख्खी बिल्डिंग तपासा.”

“तू सांगशील त्याला?”

“सांगतो की.”

संध्याकाळी धर्मेश आला. हॉलमध्ये पडलेला चुरा, उघडी सळई, उतरवलेला झोपाळा. त्याने आधी दार लावून घेतलं.

“कोणाला दाखवलंस हे?”

“आनंदाला. धर्मेश, ती रेती खाडीची होती ना?”

“सगळेच वापरत होते तेव्हा. धुऊन घेतलेली रेती होती.”

“धुतलेल्या रेतीत शिंपले कशे?”

धर्मेश सळईकडे बघत होता. मोतीबाईंना त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर भीती दिसली आणि त्यांना वाटलं, आता हा खाली बसेल, खरं बोलेल. पण तो आनंदाला फोन लावायला बाल्कनीत गेला. परत आला तेव्हा चेहरा सरळ झाला होता.

“आनंदा म्हणतो थोडं प्लास्टर फुगलं होतं, बाकी काही नाही. तूच घाबरलीस.”

मोतीबाईंनी स्वतः आनंदाला फोन केला. “मावशी, मला त्यातलं जास्त कळत नाय. शेठ बोलतात तर बरोबरच असेल.” त्याचं पोट धर्मेशच्या साइटवर होतं, हे मोतीबाईंना ठाऊक होतं. त्यांनी फोन ठेवून दिला.

दोन दिवसांत माणसं येऊन काम झालं. सळईवर ब्रश मारून लाल रंग लावला, वर केमिकल घातलेलं प्लास्टर, त्यावर पांढरा रंग. थोडं बाजूला नवी भोकं पाडून लांब फास्टनर बसवले. पाट सरळ झाला. धर्मेशने दोन मजुरांना झोपाळ्यावर बसवलं आणि आईला बोलावलं.

“बघ. काही होतं का?”

“ते गप बसलेत. झोका घेतला की वजन दुप्पट ओढतं. आनि आज धरलं म्हंजे उद्या धरेल का?”

“आये, चौथ्या मजल्याचे दोन फ्लॅट विकायचे बाकी आहेत. भूपेश आधीच माझ्यावर डोळे वटारतोय. तू तोंड उघडू नकोस एवढंच कर.”

डोहाळजेवणाच्या सकाळी झोपाळा निशिगंधाने मढवला. सई अंबरनाथहून नवऱ्याबरोबर, अमितबरोबर आली. हिरवी साडी, सातवा महिना, पाय सुजलेले. बायका जमल्या, ओव्या सुरू होणार, इतक्यात मोतीबाई उठल्या. त्या स्टुलावर चढल्या, साखळी हूकमधून काढली आणि पाटाचं एक टोक फुलांसकट धाडकन खाली पडलं.

“सई इथे बसनार नाय,” त्या म्हणाल्या.

विनिता रडायला लागली. कोणीतरी म्हणालं, शुभ दिवशी म्हातारीला काय सुचलं. धर्मेशने सगळ्यांसमोर आईचा दंड धरून तिला आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. आतून मोतीबाईंना ओव्या ऐकू येत होत्या. सईला खुर्चीवर बसवलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मोतीबाई मजल्यामजल्यावर फिरल्या. दारं उघडली गेली, चहा पुढे आला. दुसऱ्या मजल्यावरचा कल्पेश, आनंदनगरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला, सगळं नीट ऐकून म्हणाला, “आमच्याही बेडरूममध्ये स्लॅबचा पोपडा पडलाय आजी. पीओपी करून घेतलं. तुम्ही हे बाहेर नका बोलू. फ्लॅटला उद्या गिऱ्हाईक मिळणार नाही, बँक कर्ज देणार नाही. आम्ही जायचं कुठे?” चार घरांत चार तऱ्हेने तेच. तळमजल्यावरच्या बाईने तर विचारलं, मुलाशी काही वाटणीवरून बिनसलंय का. त्या सगळ्यांच्या छताला नवंकोरं पीओपी होतं, त्यात छोटे दिवे बसवलेले.

त्या नगरपालिकेतही गेल्या. तिथल्या माणसाने अर्ज लिहून आणा म्हणून सांगितलं, मग अर्जदार कोण ते विचारलं. मालक कोण? मुलगा. बांधणारा कोण? मुलगा. तो पेन खाली ठेवून म्हणाला, “आजी, घरातलं घरात मिटवा ना.” त्या संध्याकाळपर्यंत धर्मेशला ते कळलेलं होतं. तो ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, “बापाच्या नावाच्या बिल्डिंगला धोकादायक म्हणून पाटी लावायची आहे तुला. लाव. पण मग इथे राहू नकोस.”

मोतीबाईंनी दोन लुगडी पिशवीत भरली आणि शेतातल्या वाड्यावर राहणाऱ्या धाकट्या दिराकडे, सदूकडे राहायला गेल्या. पत्र्याचं घर, पाठीमागे गोठा. सदूने काही विचारलं नाही. त्याच्या बायकोने पहिले आठ दिवस विचारलं नाही.

रीतीप्रमाणे सई पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. विनिताने खोली सारवल्यासारखी लख्ख करून ठेवली होती, डिंकाचे लाडू वळले होते. नववा लागायच्या आधी सईने कळवलं, ती येणार नाही. सासरीच राहील. कारण तिने सांगितलं नाही. धर्मेश गाडी घेऊन आणायला गेला तर ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, “पप्पा, तुम्हीच येत जा इथे.”

मुलगी झाली. धर्मेशने आईला कळवलं नाही, अमितने कळवलं. विनिताने मात्र फोन केला. “माझी लेक माझ्या घरात पाऊल टाकत नाही, तुमच्यामुळे. मिळालं समाधान?” ती बराच वेळ बोलत होती. मोतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सई त्या छताखाली झोपत नाही, बाळ तिथे निजत नाही, एवढं तरी झालं, असं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण त्याच छताखाली विनिता आणि धर्मेश रोज रात्री निजत होते, आणि ते कोणत्या तोंडाने बोलायचं हे त्यांना कळेना. चौथ्या मजल्यावरचे दोन्ही फ्लॅट विकले गेल्याचं विनितानेच जाता जाता सांगितलं. एका घरात जुळी मुलं आहेत म्हणाली.