देवघरातली घंटा आणि थोरल्या दिरांचा आवाज

थोरले दीर गेले त्यानंतर जाऊबाईंनी त्यांच्या पोथीवाचनाची एकच कॅसेट जपून ठेवली होती. ती संगणकात उतरवायचं काम मी अंगावर घेतलं आणि अडकले बघा. आवाज भरताना टेपरेकॉर्डरचे सेल आधीच उतरलेले, आणखी उतरत गेलेले, त्यामुळे टेप हळूहळू मंदावत गेलेली. आता नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज सुरुवातीपासूनच पातळ, आणि शेवटाकडे तर पाखरासारखा.

रोज दुपारी जाऊबाई शेजारी बसायच्या. "आखो जाडा कर," म्हणायच्या, आवाज अजून जाड हवा. मी वेग कमी करत गेले. एक दिवस डोळे पुसून म्हणाल्या, "आते त्याच शेत." आता हे तेच आहेत, म्हणजे.

मग माझ्या ध्यानात आलं, पोथीच्या आधी आणि शेवटी आमच्या देवघरातली घंटा वाजते. तीच घंटा अजून तिथेच आहे. ती मोबाईलवर भरली आणि टेपमधल्या दोन्ही घंटा तिच्याशी जुळेपर्यंत वेग चढता-उतरता बसवला. दिरांचा खरा आवाज निघाला तो जाऊबाईंना पटलेल्यापेक्षा बराच बारीक.

जाऊबाईंनी ऐकला. "हाऊ त्यासना आवाज नही. तू बिघाडी टाका."

मी घंटेचं सांगितलं. "घंटाले काय माहीत?" म्हणाल्या.

आता दोन फायली आहेत, एक घंटेशी जुळलेली, एक जाऊबाईंना पटलेली. खरखर दोन्हींची निघते तेवढी कधीच काढून झालीय, पान उलटताना दबलेला आवाजही वर आणलाय. जाऊबाई रोज विचारतात, झालं का? मी म्हणते, थोडी खरखर राहिलीय, बाई.