डोमाजींचा कोड

आमच्या ह्यांची अर्धी जिंदगी स्टार आन् हॅश दाबण्यात गेली. बपेऱ्याच्या चौकात ह्यांचं रिचार्जचं दुकान आहे, पाटीवर 'डोमाजी मोबाईल' लिहिलं आहे. कोणत्या कंपनीचा बॅलन्सचा कोड कोणता, डेटा किती उरला त्याचा कोणता, ऑफरचा कोणता, सगळं तोंडपाठ. माह्या माहेरचं गाव विचारा, तर आठवत नाही!

माणूस एका जागी बसत नाही. जेवता जेवता डाव्या हातानं कोड दाबते. मी म्हणते, "अहो, घासाले तरी बॅलन्स विचारू नका." तर म्हणते, "तुले काय समजते विमल!" आन् कोणाच्या फोनवर 'कनेक्शन प्रॉब्लेम' आलं, का ह्यांचं उत्तर ठरलेलं. "टॉवरचं आहे. सांजच्याले ये."

त्या दिवशी आमच्या तृप्तीले भंडाऱ्याच्या एका दवाखान्यातून फोन येणार होता. नर्सच्या जागेसाठी फोनवरच मुलाखत, अकरा वाजता. तिचा फोन बिघडला होता म्हणून फॉर्मात तिनं बापाचा नंबर लिहिला होता. दोन वर्षं पोरगी घरी बसून होती हो.

साडेदहाले ह्यांनी नेहमीसारखा कोड दाबला. प्लॅन संपला असंल तर येणारा फोनही बंद होते, म्हणून मुदत पाहायची होती. पडद्यावर आलं, 'कनेक्शन प्रॉब्लेम किंवा चुकीचा कोड'. परत दाबला. तेच. शेवटचा हॅश राहिला का पाहिलं, नव्हता राहिला. दुसऱ्या सिमवरून तर गेला नाही? नाही, सिमही तेच.

"टॉवरचं आहे," हे म्हणाले, आन् दारातून ओसरीत, ओसरीतून दारात करू लागले.

तृप्तीनं फोन हातात घेतला. ॲप उघडून म्हणाली, "बाबा, प्लॅन अजून एकोणीस दिवस आहे. नेटही मस्त चालून राहिलं."

"मंग झालं तं! कायले घाबरता?"

झालं कायचं! अकरा वाजले, पाच झाले, दहा झाले. फोन मुका. पोरीचा चेहरा उतरत चालला होता. एकाएकी ती मले म्हणाली, "आई, तुया फोनवरून बाबाले लाव."

मी लावला. समोर ठेवलेला फोन वाजलाच नाही. फोनमधली बाई म्हणाली, आपण संपर्क केलेली व्यक्ती आवाक्याबाहेर आहे. आवाक्याबाहेर! हातभर अंतरावर होता माणूस. मले असा राग आला म्हणून सांगू!

"नेट चालते आन् फोन लागत नाही, हे काहून?" तृप्तीनं विचारलं.

हे खाटेवर बसले. मंग हळूच सांगितलं. आमचं गाव मध्य प्रदेशच्या शिवेवर, इथं फोन घडीघडी टूजीवर घसरते, नेट थांबते. म्हणून काल रात्रीच शेजारच्या दुकानातल्या कैलाशकडून शिकून ह्यांनी फोन 'फक्त फोरजी'वर बांधून टाकला होता. लोकांच्या ऑफर झटझट दिसाव्या म्हणून! आन् फोन जुना, त्याले फोरजीवर बोलता येत नाही. बोलायचं असंल तर त्याले खाली टूजीवर उतरावं लागते. कोडही नेटवरून जात नाही, त्याच बोलण्याच्या रस्त्यानं जाते. तो रस्ताच ह्यांनी आपल्या हातानं बंद केला होता. कोड सकाळपासून तेच सांगून राहिला होता, आन् हे म्हणत होते टॉवर.

सेटिंग आपोआपवर केली. कोड दाबला, दुसऱ्या सेकंदाले बॅलन्स आला, मुदत आली. त्यामागून मेसेज आला. भंडाऱ्याच्या नंबरवरून तीन वेळा फोन येऊन गेला होता.

तृप्ती रडायलेच लागली. "आता कोणत्या तोंडानं लावू? म्हणतील, जिले फोन सांभाळता येत नाही ते पेशंट काय सांभाळंल!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मले वाटलं, आता कंपनीले शिव्या देतील. ह्यांनी त्याच नंबरवर फोन लावला आन् उभे राहून बोलले.

"मॅडम, मी तृप्तीचा बाप. पोरगी सकाळपासून फोनसमोर बसून आहे. फोनची सेटिंग म्या बिघडवली. मोबाईलचं दुकान आहे माहं, तरी माह्यंच चुकलं. तिच्यावर राग नका धरू."

पलीकडं कोणी काहीतरी बोललं. ह्यांनी फोन तृप्तीच्या हाती दिला. तिनं रडून ओढणी ओली केली होती, तरी आवाज साफ ठेवून "नमस्कार मॅडम" म्हणाली, आन् मुलाखत सुरू झाली.

मी सयपाकघरात जाऊन चुलीजवळ बसली. सव्वीस वर्षं झाली लग्नाले. 'माह्यं चुकलं' हे ह्यांच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं, आन् तेही मले नाही, भंडाऱ्याच्या त्या मॅडमले.