दोनपेक्षा मोठं उत्तर

छापखान्यातले लोक तिला पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. तिची हरकत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की चाळणीवर काय उरतं ते पाहायची हिंमत या लोकांत असती तर बरं झालं असतं.

सत्तावीस वर्षं ती पाठ्यपुस्तकांची मुद्रितं वाचत होती. त्याआधी दोन वर्षं एका कॉलेजात हंगामी म्हणून पदार्थविज्ञान शिकवलं होतं, पण कायम जागा निघाली तेव्हा ती कोणाच्या तरी मेहुण्याला गेली. हा मेहुणा पुढे तिला तीन पुस्तकांचा लेखक म्हणून भेटला. तिन्हींत तो ‘घर्षण’ धड लिहू शकत नव्हता. तेव्हापासून प्राध्यापक या जातीबद्दल तिचं मत ठाम झालं होतं, आणि नवं हस्तलिखित आलं की ते आणखी घट्ट व्हायचं.

घरी नवरा होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. स्वयंपाकघरातल्या अर्ध्या ओट्यावर प्लॅस्टरचे जबडे वाळत पडलेले असत. माणूस अबोल. दिवसभर लोकांची तोंडं हाताळून घरी आला, की बोलण्याचा कंटाळा येतो म्हणायचा. तिला ते सोयीचं होतं, कारण बोलायला ती होतीच.

त्या वर्षी एका बड्या सरांचं घनपदार्थांवरचं पुस्तक छापायला आलं. सर निवृत्त विभागप्रमुख होते. प्रस्तावनेत त्यांनी स्वतःला ‘या विषयाचा नम्र विद्यार्थी’ म्हणवून घेतलं होतं आणि खाली साडेतीन ओळींच्या पदव्या दिल्या होत्या. सहाव्या प्रकरणात नवा भाग होता, संगणकाच्या साहाय्याने सोडवलेली उदाहरणं. त्यातलं पहिलंच उदाहरण आयनांच्या साखळीचं.

उदाहरण साधं आहे. एका सरळ रेषेत सारख्या अंतरावर आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बसवलेले आहेत. एक धन, एक ऋण, पुन्हा धन, पुन्हा ऋण, दोन्ही बाजूंना न संपणारे. त्यांतल्या एकाच्या जागी उभं राहून विचारायचं, बाकीचे सगळे मिळून मला किती ऊर्जेने बांधून ठेवतात? शेजारचे दोघे विरुद्ध भाराचे, ते जवळ ओढतात. त्यांच्या पलीकडचे दोघे आपल्याच भाराचे, ते ढकलतात, पण अंतर दुप्पट म्हणून ऊर्जा निम्मी. मग पुन्हा ओढणारे, एक तृतीयांश ऊर्जेचे. म्हणजे एक वजा एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश वजा एक चतुर्थांश, असं चालत राहायचं, आणि बाजू दोन म्हणून शेवटी दुप्पट करायची. उत्तर येतं दोनाच्या नैसर्गिक लॉगॅरिदमची दुप्पट, म्हणजे १.३८६.

सरांच्या पुस्तकात छापलं होतं २.०७९.

तिने पेन्सिल उचलली. कागद घेण्याचीही गरज नव्हती. शेजारच्या दोघांचे मिळून होतात दोन. त्यातून लगेच एक वजा होतो. मग थोडे मिळवायचे, मग त्याहून थोडे कमी वजा करायचे. दर खेपेचं पाऊल आधीच्यापेक्षा लहान. मग पहिल्या दोनाच्या वर उत्तर जाईलच कसं? पोराने शंभरपैकी एकशेचार मार्क आणले तर बाप त्याच्या कानाखाली आवाज काढतो. इथे साडेतीन ओळींच्या पदव्या होत्या, म्हणून कोणी काही म्हणालं नव्हतं.

समासात तिने लिहिलं, ‘उत्तर २ पेक्षा कमी हवं. कृपया पाहावे.’ मुद्रित परत आलं तेव्हा त्याखाली हिरव्या शाईत सरांचं अक्षर होतं: ‘बाईंनी शुद्धलेखन पाहावे. पदार्थविज्ञान आम्ही पाहू.’

तिने मालकांना दाखवलं. मालक म्हणाले, लेखक म्हणतात ते छापायचं, आपण कशाला मध्ये पडायचं. एक हजार प्रती छापल्या गेल्या.

दीड महिन्याने एका कॉलेजातून पत्र आलं. तिथल्या मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं, की विद्यार्थी हाताने १.३८६ काढतात, तुमचं पुस्तक २.०७९ म्हणतं, आणि आम्ही कोणाचं खरं मानायचं? या पुस्तकाऐवजी दुसरं लावावं असा विभागाचा विचार आहे. हे शेवटचं वाक्य मात्र मालकांना नीट समजलं. त्यांनी सरांना बोलावलं आणि तिलाही बसवून घेतलं.

सर लॅपटॉप घेऊन आले. मालकांच्या टेबलावरची पावतीपुस्तकं बाजूला सारून त्यांनी तो उघडला आणि तिच्याकडे न बघता मालकांना समजावू लागले. हाताने चार पदं घेणाऱ्यांचं उत्तर आणि यंत्राने दहा लाख पदं घेणाऱ्याचं उत्तर यांत फरक राहणारच. त्यांनी प्रोग्रॅम चालवला. २.०७९४४. पदं दसपट केली. तेच. पुन्हा दसपट केली.

“आकडा हलत नाही,” सर म्हणाले. “यालाच अभिसरण म्हणतात.”

“कशाकडे अभिसरण, तेही बघू या,” ती म्हणाली. “प्रोग्रॅम दाखवता का, सर?”

त्यात दोन फेऱ्या होत्या. पहिली ओढणाऱ्यांची बेरीज करत होती, दुसरी ढकलणाऱ्यांची, आणि मग एकातून दुसरी वजा. पहिल्या फेरीची मर्यादा होती दहा लाख आयन. एकाआड एक असल्यामुळे त्यांतला शेवटचा वीस लाख घरं दूर. दुसऱ्या फेरीचीही मर्यादा दहा लाखच, पण ती अंतराची. दहा लाख घरांत ढकलणारे बसतात फक्त पाच लाख.

तिने ते मालकांना कळेल असं सांगितलं. दहा लाख घरांपर्यंत दोन्ही प्रकारचे आयन आहेत. त्यापुढे वीस लाखांपर्यंत सगळे ओढणारेच, त्यांना उत्तर द्यायला कोणी नाही. सरांनी साखळीच्या दोन्ही टोकांना फुकटचा भार नेऊन टाकला आहे.

“एवढ्या लांबचा भार,” सर हसले. “त्याचा परिणाम नगण्य.”

“एकाचा नगण्य. पण तुम्ही पदं दसपट केलीत की टोक दसपट लांब जातं आणि तिथला फुकटचा भारही दसपट होतो. अंतराने जेवढं घटतं तेवढंच भाराने वाढतं. म्हणून तुमचा आकडा हलत नाही.”

सरांनी चष्मा पुसला. बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी एकच येते, हे तिसरीतल्या मुलालाही ठाऊक असतं, असं ते मालकांना म्हणाले.

“तिसरीतल्या मुलाची बेरीज संपते, सर. ही संपत नाही.”

मग तिने त्यांना एकच बदल करायला सांगितला. दुसऱ्या फेरीची मर्यादा चौपट करा. पदं तीच, चिन्हं तीच, एकही खोटा आयन नाही, फक्त ढकलणारे जरा लांबपर्यंत घ्या. सरांनी नाइलाजाने केलं. पडद्यावर आलं ०.६९३१५. तिने म्हटलं, पदं वाढवा. वाढवली. आकडा ढिम्म.

“आता मूळच्या आठपट.”

सरांनी आठपट केलं. पडद्यावर आलं -०.०००००. शून्याला चक्क उणे चिन्ह, जणू यंत्रालाही लाज वाटली होती.

“म्हणजे काय?” मालकांनी विचारलं.

“म्हणजे साखळी बांधलेलीच नाही. सगळे आयन सुटे. याचंही अभिसरणच झालंय.”

 मग तिनेच सांगितलं, कारण गप्प राहणं तिला कधी जमलं नव्हतं. नुसत्या ओढणाऱ्यांची बेरीज केली तर ती अमर्याद वाढते. नुसत्या ढकलणाऱ्यांचीही तीच गत. दोन अनंतांची वजाबाकी आहे ही, आणि कोणाला किती वेगाने पुढे पाठवता त्यावर हवा तो आकडा काढता येतो. जपावं लागतं ते इथे. जवळून सुरुवात करून अंतराच्या क्रमाने जायचं, म्हणजे साखळी कुठेही तोडली तरी भार जवळपास फिटलेला राहतो. किंवा आधी जोड्या बांधायच्या, एक ओढणारा आणि त्याच्या पुढचा ढकलणारा. जोडीची बेरीज इतकी भराभर लहान होते, की मग जोड्या कशाही मांडा, उत्तर बदलत नाही. दुसऱ्या फेरीची मूळची मर्यादा दुप्पट करा, दोन्हींत सारखे आयन येतील.

सरांनी दुप्पट केलं. १.३८६२९.

एवढं तिला कुठून ठाऊक, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती खरं बोलली असती. हंगामी असताना तिने याच मालिकेतली पदं फळ्यावर हलवली होती, एक अधिकाचं, दोन वजाची, आणि मालिका स्वतःच्याच निम्मी आली, तेव्हा अनंत म्हणजे असला गोंधळच, असं सांगून वर्गाला हसवलं होतं. त्या वर्गाला बरोबर गोष्ट तिने पुढे कधीच सांगितली नाही. ते आठवलं की अजून तिचे कान तापत.

ठरलं असं, की विकायच्या राहिलेल्या प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवायची. मजकूर सर पाठवणार. दुसऱ्या दिवशी तो आला: ‘मुद्रणदोषामुळे पृष्ठ १४२ वर चुकीचा आकडा छापला गेला आहे.’

तिने ‘मुद्रणदोष’ खोडून ‘गणनादोष’ केलं. मालकांनी ते पुन्हा खोडलं. एवढ्या थोर माणसाला उघडं पाडून आपल्याला काय मिळणार, असं ते म्हणाले.

“मग चिठ्ठीवर माझी सही नाही,” ती म्हणाली. “मी वाचणारही नाही.”

घरी तिने हा सगळा प्रकार नवऱ्याला रंगवून सांगितला. शून्याच्या उणे चिन्हापर्यंत आल्यावर ती स्वतःच हसली. नवरा कवळी घासत होता.

“पण मग ती चिठ्ठी वाचली कोणी?” त्याने विचारलं.

“वाचली असेल त्यांच्या थोर माणसाने.”

“अगं, एक दात केसभर उंच राहिला, तर डॉक्टरची चूक की माझी, हे म्हातारीला कळत नाही. तिला चावता येत नाही, एवढंच.”

तिने त्याला झटकून टाकलं. पण सकाळी छापखान्यात गेल्यावर आधी बांधणी विभागात गेली. चिठ्ठ्या छापून आल्या होत्या, सगळ्या प्रतींत चिकटवूनही झाल्या होत्या. तिने एक प्रत उघडली.

‘मुद्रणदोषामुळे पृष्ठ १४२ वर चुकीचा आकडा छापला गेला आहे. योग्य आकडा १.३६८ असा वाचावा.’

जुळणी करताना आठ आणि सहा यांनी जागा बदलल्या होत्या. सरांनी पाहिलं नव्हतं, मालकांनी पाहिलं नव्हतं, आणि जिच्या नजरेतून हे सुटलं नसतं ती कालपासून मान ताठ करून बसली होती. तिने मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. यादीत या वेळी ती स्वतःही होती, आणि तिच्या वाट्याला आलेली शिवी सर्वांत लांब होती.

मालकांना सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि नव्या चिठ्ठ्या छापायच्या का, असं विचारलं. ती नको म्हणाली. बांधणीच्या खोलीत एक स्टूल ओढून ती बसली, काळ्या शाईचं बारीक टोकाचं पेन घेतलं आणि पहिली प्रत समोर ओढली. सहा खोडून आठ, आठ खोडून सहा. बांधणीवाल्याने मदत करू का म्हणून विचारलं. तिने त्याचं अक्षर पाहिलं आणि नको म्हणाली.

काम पाच दिवस चाललं. ‘मुद्रणदोष’ हा शब्द तिने तसाच ठेवला. आता तो खरा होता.