ओट्यावरचं वाय-फाय

आमच्या खुटबावात फोन वाजला की माणूस आधी उठतो, मग बोलतो. ही सवय वाय-फायच्या आधीची. तेव्हा घरात रेंज नसायची, म्हणून ज्याची त्याची जागा ठरलेली होती. सासरे पाण्याच्या टाकीजवळ, नवरा गोठ्याच्या दाराशी, मी फाटकापाशी. पुढे वायर आली, मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर वाय-फायचा दोन कानांचा डबा बसला, सासूबाईंनी त्याच्यापुढे आपली लोखंडी पेटी ठेवून दिली. उठायची सवय मात्र सुटली नाही. माझी तर मुळीच नाही. मला एका जागी बसवतच नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "पोरीच्या पायाला भिंगरी हाय."

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, बोलणं गेलं. आपलं बोलणं त्यांना सगळं कळायचं, पण तोंडून शब्द निघायचा नाही. सोसायटीच्या निवडणुकीत अर्ध्या गावाला ओट्यावर बसवून झापणारा हा माणूस, पाणी हवं असलं तर तांब्याकडे बोट दाखवायला लागला. मला ते बघवायचं नाही.

पुण्याच्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं, "पहिले काही महिने फार महत्त्वाचे. आता खाडा करू नका." दर वेळी पुण्याला नेणं झेपेना, म्हणून व्हिडिओ कॉलवर शिकवणी ठरली. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता, नवरा पाटसला कामावर. त्यामुळे फोन धरणारी मीच. आप्पांची अट एकच होती आणि ती त्यांनी ओट्यावर काठी आपटून सांगितली, की बसणार ते इथंच. आत खाटेवर बसून आजाऱ्यासारखं शिकायला ते तयार नव्हते.

मॅडम पडद्यावर चित्र दाखवायच्या. आप्पांनी नाव सांगायचं. कपाळावर शिरा ताणायच्या, ओठ हलायचे, आणि नेमकं त्याच वेळी मॅडमचं तोंड उघडंच राहायचं. पडद्यावर गोल फिरायला लागायचं. मी लगेच फोन उचलून फाटकाकडे धावायची. चित्र हलायला लागलं की परत ओट्यावर. बसते न बसते तोच पुन्हा गोल.

एकदा कपबशीचं चित्र होतं. आप्पा किती तरी वेळ झुंजले आणि म्हणाले, "च्या." स्पष्ट! स्वयंपाकघरातून सासूबाई पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. इकडे मॅडम थिजलेल्या. जाग्या झाल्या तेव्हा गोड आवाजात म्हणाल्या, "हां आप्पा, प्रयत्न करा. काय आहे हे?"

आप्पांनी पुन्हा तोंड उघडलं. शब्द आला नाही. आणखी एकदा उघडलं. मग त्यांनी काठी उचलली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढच्या कॉलला आलेच नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. फोन दिसला की मान फिरवायचे.

मी आधी वायरवाल्याला धरलं. वरवंडहून आला, कपाटाला टेकून स्वतःच्या फोनवर स्पीड मोजला आणि म्हणाला, "ताई, हितं तर फुल हाय."

"कपाटापाशी फुल असून काय करू? माणूस ओट्यावर बसतोय!"

"मंग माणूस आत बसवा की."

त्याला चहाही न देता घालवला. मग मोठं रिचार्ज मारलं, फरक शून्य. मग मॅडमचंच नेट खराब म्हणून त्यांच्यावर मनातल्या मनात चिडले. चिडायला मला कुणी तरी लागतंच.

एका कॉलला आप्पा नव्हतेच, मॅडम मला घरचे सराव सांगत होत्या. लिहून घ्यायचं म्हणून मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला, त्यामुळे उठता आलं नाही. नजर पडद्याच्या वरच्या कडेला गेली. वाय-फायची पंख्यासारखी खूण होती ती गेली, तिथं मोबाइल डेटाची खूण आली, आणि मॅडम थिजल्या. मग बोलायला लागल्या. थोड्या वेळानं पंखा परत आला, मॅडम पुन्हा थिजल्या. फोन जागचा हललाही नव्हता, तरी आतल्या आत त्याची ये-जा चालू होती. म्हणजे माझ्यासारखाच, मेला.

कॉल संपल्यावर सेटिंग उघडली. वाय-फायच्या आत, आणखी आत, एक ओळ सापडली. वाय-फाय कमजोर वाटलं की फोन आपण होऊन मोबाइल डेटावर जाईल, अशा अर्थाची. मी कधीच चालू केली नव्हती, आणि चालू होती. ओट्यावर वाय-फाय जेमतेम पोचायचं. जरा मंदावलं की फोन डेटावर उडी मारायचा, जरा सुधारलं की माघारी यायचा. दर उडीला चालू कॉल तुटून नव्यानं जुळायचा, आणि मधल्या वेळातलं बोलणं मॅडमना ऐकूच जायचं नाही. वर मी फोन घेऊन फाटकापर्यंत धावून त्याला आणखी उड्या मारायला लावत होते!

ती सेटिंग बंद केली आणि ओट्यावरून नवऱ्याला कॉल लावला. आता उडी नव्हती, पण नवऱ्याचं तोंड पार पुसट. फोन त्या जेमतेम वाय-फायलाच धरून बसला होता. मग डबा कपाटावरून, त्या पेटीमागून काढला. मागे वायरचं भेंडोळं शिल्लक होतं, ते ओढून डबा ओट्याच्या खिडकीत ठेवला. नवरा लख्ख दिसला, वर म्हणतोय, "कामावर हाय मी, काय झालं?"

"काय न्हाई. ठेवा."

खरं काम पुढंच होतं. आप्पांच्या खाटेपाशी जाऊन बसले. "आप्पा, तुम्ही त्या दिवशी च्या म्हणालात. आम्ही दोघींनी ऐकलं. मॅडमपर्यंत पोचलं न्हाई, कारण फोन अडकला होता. तुम्ही न्हाई."

त्यांनी भिंतीकडची मान वळवली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवत असावेत. मग काठीकडे हात केला.

कॉल लागला. मॅडमनी विहिरीचं चित्र धरलं. आप्पांच्या कपाळावर शिरा ताणल्या. ओठ हलले. काही नाही. मॅडमही गप्प, हलत नव्हत्या. पुन्हा अडकलं! आता हा माणूस परत कधी बसायचा नाही. पडद्याच्या वरची खूण बघायचं भानही राहिलं नाही, फोन उचलला आणि फाटकाकडे जायला उठलेच.

"बस खाली!"

मी मटकन बसले. आवाज जुना होता, सोसायटीच्या निवडणुकीतला, जरा खरखरीत झालेला. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी चौकट धरली.

फोनमध्ये मॅडम हलल्या. त्या अडकल्याच नव्हत्या, आप्पांना वेळ देत थांबल्या होत्या. वर वाय-फायची खूण जागच्या जागी होती.

"आत्ता कोण बोललं?" मॅडमनी विचारलं.

"आप्पा," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

"ऐकलं मी," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही शब्द ऐकले."

आप्पांनी काठीनं मला फोन पिठाच्या डब्याला टेकवायची खूण केली आणि विहिरीकडे परत बघायला लागले.